व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नेमका कुठला? डोंगर, सावली आणि उपग्रह नकाशावरून जागा कशी ओळखायची

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. दोन दिवसांपासून झड लागलेली, ऊन कसं असतं तेच विसरलो होतो. सकाळी अकराच्या सुमारास गावाकडच्या ग्रुपवर एक फोटो पडला. तलावाची मातीची भिंत, भिंतीला आडवी गेलेली मोठी भेग, आणि खाली मजकूर : आपला पाझर तलाव फुटायला आला, आज सकाळचा फोटो, खालच्या वाडीवाल्यांनी लगेच निघा. अर्ध्या तासात तोच फोटो माझ्याकडे सात ठिकाणांहून आला. वाडीतल्या लोकांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून धान्याची पोती भरायला सुरुवातही केली होती.

तलाव गावापासून चार किलोमीटर वर. मधल्या नाल्याला पूर, त्यामुळे जाऊन बघायची सोय नाही. फोटो पहिल्यांदा कोणी टाकला ते कोणालाच माहीत नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, मला पलीकडून आला. बातमी द्यायची तर फोटो आपल्याच तलावाचा आहे का, हे आधी ठरवायला पाहिजे होतं.

जागा चुकीची सांगितलेला फोटो किंवा व्हिडिओ काय करू शकतो, ते धुळे जिल्ह्यानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. त्या काळात जे व्हिडिओ आणि फोटो मोबाईलवर फिरत होते, त्यातला एक व्हिडिओ कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. मेलेल्या लेकरांचे फोटो सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यातले होते. चित्रं खरी होती, जागा खोटी होती.

म्हणून फोटोची जागा कशी शोधायची, ते त्या दिवशीच्या तलावाच्या फोटोवरूनच सांगतो. लागतो एक मोबाईल किंवा कॉम्प्युटर, गुगल अर्थ, आणि तास-दोन तासांचा धीर.

नकाशा उघडायच्या आधी

सगळ्यात आधी फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तो पूर्वी कुठं आलाय का ते बघायचं. कराचीचा व्हिडिओ किंवा सीरियाचे फोटो अशा शोधात सापडतात, कारण ते आधी बातम्यांत येऊन गेलेले असतात. खेड्यातल्या तलावाचा फोटो मात्र बहुतेक वेळा सापडत नाही. माझाही सापडला नाही. फोटोच्या पोटात जागेची नोंद असते असं पुष्कळांना वाटतं. मोबाईलनं काढलेल्या मूळ फोटोत ती असूही शकते, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून जाते. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरच ती टिकते. सात जणांकडून आलेल्या फोटोत ती कुठून राहणार.

मग कागद घेतला आणि फोटोत काय काय दिसतं ते लिहून काढलं. नकाशा उघडायच्या आधीच लिहायचं, हे महत्त्वाचं. आधी नकाशा बघितला की नकाशात जे दिसतं तेच फोटोत दिसायला लागतं.

फोटो काढणारा भिंतीच्या माथ्यावर उभा होता आणि भिंतीच्या लांबीकडं तोंड करून होता. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला खालची शेतं, त्यात मका. भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग. भिंत जिथं संपते तिथं, म्हणजे फोटोत समोर लांब, सांडवा. उजवीकडं पाण्याच्या पलीकडं डोंगराचा उभा कडा, माथा सपाट, आणि त्या माथ्यात एके ठिकाणी दात पडल्यासारखी खिंड. कड्याच्या अलीकडून जाणारी मोठ्या टॉवरची वीजवाहिनी. सांडव्याच्या मागं एक पांढरं शिखर, बहुधा देवळाचं. मधोमध एक माणूस, त्याच्याशेजारी उभी मोटारसायकल. माणसाचा चेहरा काळवंडलेला आणि त्याची सावली सरळ कॅमेऱ्याकडं आलेली.

या यादीचे दोन भाग करायचे. मका, पाणी, भेग, माणूस या हंगामाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी. कडा, खिंड, टॉवर, सांडव्याची बाजू, भिंतीची दिशा या टिकणाऱ्या. जागा शोधायची ती टिकणाऱ्या गोष्टींवरून. बदलणाऱ्या गोष्टी नंतर तारीख काढायला कामाला येतात.

आणखी एक खात्री इथंच करून घ्यायची : फोटो उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा तर नाही ना. काही मोबाईलचा पुढचा कॅमेरा फोटो उलटा करतो, कधी फॉरवर्ड करणारे मुद्दाम करतात. उलटा असेल तर उजवीकडचं पाणी डावीकडं जाईल आणि पुढचा सगळा हिशेब फिरेल. पाटी असती तर अक्षरांवरून कळलं असतं. इथं पाटी नव्हती आणि गाडीची नंबर प्लेट फोटो दाबला गेल्यानं पुसट झालेली. पण आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या मोटारसायकलींना सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. फोटोत तो बरोबर उजव्या बाजूलाच होता. फोटो सरळ होता.

सावली काय सांगते, काय सांगत नाही

आता आपला तलाव. आमच्याकडचा नाला उत्तरेकडून येतो आणि दक्षिणेला गोदावरीकडं जातो. त्यामुळं तलावाची भिंत पूर्व-पश्चिम आहे आणि पाणी तिच्या उत्तरेला साचतं. अशा भिंतीवर उभं राहिल्यावर पाणी उजव्या हाताला हवं असेल तर तोंड पश्चिमेकडंच करावं लागतं. आणि सावली सरळ कॅमेऱ्याकडं येते म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या समोर, म्हणजे पश्चिमेला. थोडक्यात, फोटो आपल्या तलावाचा असेल तर तो दुपार कलल्यानंतरचाच असला पाहिजे. मेसेज आला सकाळी अकराला, त्यात लिहिलेलं आज सकाळचा फोटो. आदल्या दिवशी संध्याकाळी काढला म्हणावं तर दोन दिवस ऊनच पडलं नव्हतं, सावली कुठून येणार?

तर फोटो आजचा नाही आणि कालचाही नाही, एवढं सावलीनं सांगितलं. पण जागा चुकीची आहे, हे अजून सिद्ध झालं नव्हतं. इथंच पुष्कळजण घाई करतात. आपल्याच तलावाचा गेल्या वर्षीच्या संध्याकाळचा फोटो असू शकतो. नुसती सावली जागा सांगत नाही. जागा माहीत असेल तर ती वेळ तपासते, वेळ माहीत असेल तर दिशा तपासते. दोन्ही माहीत नसतील तर ती मुकी असते.

सावलीबद्दल दोन-तीन गोष्टी आपल्या भागापुरत्या पक्क्या माहीत असाव्यात. आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नाही. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि संभाजीनगर त्याच्या बरंच पश्चिमेला, सव्वापंच्याहत्तर अंशांच्या जरा पुढं आहे. त्यामुळं इथली खरी दुपार सरासरी साडेबाराच्या आसपास होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या सुमारास.

दुसरी गोष्ट. दुपारची सावली उत्तरेला पडते, असं शाळेत शिकवलेलं असतं. वर्षातला बराच काळ ते खरं आहे. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. साधारण १९ मेच्या सुमारास आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून पुढं जुलैच्या चोवीस तारखेच्या आसपासपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. खरिपाच्या पेरणीचे फोटो बघताना हे विसरलं की उत्तर-दक्षिण उलटी होते. सकाळ-संध्याकाळचंही तसंच. सूर्य रोज नेमक्या पूर्वेला उगवत नाही, वर्षभरात तो पूर्वेच्या दोन्ही अंगांना सुमारे पंचवीस-पंचवीस अंश सरकतो. फोटोची तारीख माहीत नसेल तर दिशेत तेवढी ढील ठेवावी लागते.

आणि सावलीची लांबी. सावली उंचीएवढी असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांवर, दुप्पट असेल तर साधारण सत्तावीस अंशांवर, हा हिशेब बरोबर आहे. पण सावली आडवी पडलेली असेल आणि जमीन सपाट असेल तरच. आमच्या फोटोत सावली कॅमेऱ्याकडं आलेली होती. अशी सावली फोटोत आहे त्यापेक्षा वेगळ्याच लांबीची दिसते. म्हणून मी लांबी सोडून दिली, फक्त दिशा धरली.

सांडव्यानं निकाल दिला

गुगल अर्थवर आपला तलाव काढला. पहिली गोष्ट बघितली ती सांडवा. आपल्या तलावाचा सांडवा भिंतीच्या पूर्वेच्या टोकाला आहे. फोटोतला सांडवा समोर, म्हणजे आपला तलाव धरला तर पश्चिमेच्या टोकाला हवा. तिथं सांडवा नाही, तिथं एक विहीर आणि चिंचेची झाडं आहेत. सांडवा काही रातोरात एका टोकाचा दुसऱ्या टोकाला जात नाही. दुसरं म्हणजे कडा. आपल्या तलावाच्या उत्तरेला जमीन हळूहळू चढत जाते, बरडं रान आहे, उभा कडा कुठंच नाही.

एक विसंगती असेल तर कारण शोधावं, कदाचित आपलंच काही चुकत असेल. दोन वेगवेगळ्या जातीच्या विसंगती असतील तर जागा सोडून द्यावी. जुळणाऱ्या गोष्टी दहा असल्या तरी न जुळणारा एक सांडवा त्या दहांना भारी पडतो. पिचिंग, मका, मातीची भिंत हे तर जिल्ह्यातल्या प्रत्येक तलावावर जुळेल.

तरीही वाडीला मी काय सांगितलं ते इथं लिहायला पाहिजे. फोटो आपल्या तलावाचा दिसत नाही, पण तुम्ही आत्ता उंचावर शाळेत गेलाच आहात तर तिथंच थांबा. फोटो दुसरीकडचा निघाला म्हणजे आपली भिंत मजबूत आहे असं होत नाही. त्या पावसात भिंतीला खरंच काय झालंय, ते उपग्रहालाही दिसत नव्हतं. वर ढग होते.

मग फोटो कुठला?

आपला नाही म्हणून थांबता आलं असतं. पण लोकांना 'हा आपला नाही' यापेक्षा 'हा अमुक ठिकाणचा आहे' हे पटतं. म्हणून शोध पुढं नेला.

फोटो सकाळचा आहे, एवढं खरं धरून बघितलं. मग सूर्य पूर्वेला, तोंड पूर्वेला, आणि उजव्या हाताचं पाणी येतं दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेकडून येऊन उत्तरेकडं वाहणारा नाला. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, सगळीकडचं पाणी शेवटी गोदावरीला जातं. उत्तरेला जातं ते अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडचं. सोयगाव तालुका घाटाखाली आहे, तिथलं पाणी तापीकडं जातं. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदी तिकडंच वाहते. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावकडंही तेच. एखादा लहान नाला कोणत्याही दिशेला वळसा घेऊ शकतो, त्यामुळं हा पुरावा नाही, पण कुठून शोधायला लागायचं ते यानं सांगितलं.

कड्यानं याला जोड दिली. अजिंठ्याचा डोंगर आपल्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून, हळूहळू चढतो आणि खानदेशाच्या बाजूला एकदम तुटतो. पायथ्याच्या उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडं बघितलं तर भिंतीसारखा कडा आणि वर सपाट माथा दिसतो. फोटोत पाण्याच्या पलीकडं, म्हणजे दक्षिणेला, नेमकं तेच होतं.

मग गुगल अर्थवर घाटाच्या पायथ्यानं पूर्वेकडून पश्चिमेकडं सरकत गेलो आणि प्रत्येक तलाव बघितला. वरून बघताना गोष्टी वेगळ्या दिसतात. टॉवर बारीक असतो, तो चटकन दिसत नाही, त्याची सावली दिसते. बरेचसे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात, त्यामुळं हिवाळ्यातल्या चित्रात टॉवरची जाळीदार सावली त्याच्या वायव्येला पडलेली असते. एक सावली सापडली की ओळ धरून पुढच्या सापडतात. देऊळ म्हणजे एक पांढरा ठिपका आणि त्याची टोकदार सावली. तलाव मात्र फसवतो. चित्र उन्हाळ्यातलं असेल तर पाण्याच्या जागी करडी जमीन आणि गुरांच्या वाटा असतात. म्हणून पाणी शोधायचं नाही, भिंतीची सरळ रेघ शोधायची. निसर्गात इतकी सरळ रेघ सहसा नसते.

पहिल्या तासात मला एक तलाव सापडला आणि मी खूश झालो. भिंत पूर्व-पश्चिम, पाणी दक्षिणेला, कडा मागं, सांडवा पूर्वेला, शेजारी देऊळ. फोन उचलणारच होतो. मग कागदावरची यादी बघितली : टॉवरची ओळ. ती त्या तलावाजवळ कुठंच नव्हती. ओळ नंतर काढून टाकली असेल, अशी समजूतही मी स्वतःची घालून बघितली. अशी समजूत घालावी लागते तेव्हाच समजावं की तलाव दुसरा आहे. आणखी चार तलाव सोडून पुढं गेलो, तेव्हा सगळं असलेला सापडला.

दोन खुणा एका रेषेत

सगळं असणं आणि सगळं योग्य जागी असणं यात फरक आहे. तो तपासायची रीत दौलताबादच्या किल्ल्यावरून चांगली कळते, कारण तो सगळ्यांनी बघितलेला आहे. रस्त्यानं वेरूळकडं जाताना खिडकीतून बघा. चाँद मिनार आणि त्यामागचा डोंगर एकमेकांसमोरून सरकत राहतात. मिनार जवळ म्हणून भरभर सरकतो, डोंगर लांब म्हणून सावकाश. एखाद्या फोटोत मिनार डोंगराच्या माथ्याच्या बरोबर खाली आला असेल, तर नकाशावर माथ्यापासून मिनारावरून एक रेघ ओढून ती पुढं वाढवायची. फोटो काढणारा त्या रेघेवरच कुठंतरी उभा होता, दुसरीकडं कुठंही नाही. अशा एका रेषेत आलेल्या खुणांची दुसरी जोडी सापडली की दुसरी रेघ मिळते. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापतात ती कॅमेऱ्याची जागा.

तलावाच्या फोटोत अशा दोन जोड्या होत्या. एक टॉवर बरोबर कड्यातल्या खिंडीसमोर होता. आणि देवळाचं शिखर सांडव्याच्या डाव्या भिंतीच्या टोकावर बसलं होतं. गुगल अर्थवर पट्टीच्या खुणेनं दोन रेघा ओढल्या. त्या एकमेकींना कापल्या तलावाच्या भिंतीच्या माथ्यावर, पश्चिमेच्या टोकाजवळ. त्या शेतात किंवा पाण्यात कापल्या असत्या तर तलाव चुकला असता. इथं खात्री पटली.

शेवटची खूण आकाशरेषेची. गुगल अर्थमध्ये त्या जागेवर अगदी जमिनीलगत उतरून आग्नेयेकडं वळलो. डोंगराची जी रूपरेषा दिसते ती फोटोतल्या रेषेशी ताडून बघायची. यात एक मर्यादा आहे. या नकाशातला डोंगर उंचीच्या मोजलेल्या ठिपक्यांवरून बनवलेला असतो आणि ते ठिपके आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी एकमेकांपासून तीसेक मीटर लांब असतात. त्यामुळं काळ्या पाषाणाचा उभा कडा नकाशात उतार होऊन दिसतो, लहान सुळके गायब होतात. कड्याचा नेमका आकार जुळवत बसू नये. माथ्याची चढ-उतार कोणत्या क्रमानं येते, खिंड उंच माथ्याच्या डावीकडं की उजवीकडं, ते बघावं. ते जुळलं.

डोंगराची आकाशरेषा किती लांबपर्यंत नेऊ शकते, त्याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण कॅमेरून देशातलं आहे. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. त्यात सैनिक दोन बायका आणि दोन लेकरांना धुळीच्या वाटेनं नेतात आणि गोळ्या घालतात. तिथल्या सरकारनं तो खोटा ठरवला. बीबीसीच्या आफ्रिका आय या पथकानं व्हिडिओच्या सुरुवातीला मागं दिसणारी डोंगररांग उपग्रहाच्या उंचीनकाशाशी ताडली आणि ती त्या देशाच्या उत्तर टोकाच्या झेलेवेट गावाजवळची निघाली. मग वाटा, घरं, झाडं एकेक जुळवली. कोणतं घर कोणत्या वर्षाच्या उपग्रह चित्रात आहे आणि कोणत्यात नाही, यावरून काळ आवळत आणला. चालणाऱ्या सैनिकाच्या सावलीवरून सूर्याची जागा काढून घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दिवसांतली असल्याचं दाखवलं. जागा पक्की झाली होती, म्हणून सावलीला तारीख सांगता आली. सैनिकांवर खटला चालला आणि २०२० मध्ये त्यातल्या चौघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली.

फोटो कधीचा

घरांची ती युक्ती आपल्यालाही वापरता येते. कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमध्ये `Historical Imagery` नावाचं बटण आहे, ते दाबलं की त्याच जागेची आधीच्या वर्षांची चित्रं दिसतात. फोटोत सांडव्याच्या दोन्ही बाजू नुसत्या दगडाच्या होत्या. अलीकडच्या चित्रांत तिथं सिमेंटची पांढरी भिंत आहे. त्यापूर्वीच्या चित्रात ती नाही. म्हणजे फोटो सिमेंटचं काम व्हायच्या आधीचा, किमान दोन-तीन पावसाळे जुना. पावसाळ्यातली स्वच्छ चित्रं मात्र क्वचितच मिळतात. जी असतात ती बहुतेक दिवाळीनंतरची. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि चार-पाच दिवसांनी नवी येतात, पण त्यात एक ठिपका दहा मीटरचा असतो. तलावात पाणी आहे की नाही ते कळेल, भिंतीची भेग कळणार नाही. आणि ढगाखालचं काहीच नाही.

नकाशाचं काम इथं संपतं. पुढं माणूसच लागतो. त्या गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला फोन लावून फोटो पाठवला. जागा सांगितली नाही, फक्त विचारलं, हे कुठलं? तो म्हणाला, हा तर आमचा तलाव, मागच्या खेपेला भिंत खचली तेव्हाचा, नंतर काम झालं ना तिथं. 'हा तुमचाच तलाव ना' असं विचारलं असतं तर हो म्हणणारे पुष्कळ भेटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याचं पाणी उतरल्यावर आम्ही चौघं आपल्या तलावावर गेलो. सांडवा वाहत होता, भिंतीला भेग कुठंच नव्हती. पायथ्याला मात्र एका ठिकाणी खेकड्याच्या बिळातून पाण्याची करंगळीएवढी धार चालू होती. पाणी गढूळ नव्हतं, म्हणजे माती वाहून जात नव्हती. तरी तिथं उभं राहून फोटो काढले. एक धारेचा जवळून आणि एक लांबून, त्यात सांडवा, पश्चिमेची विहीर आणि मागचा विजेचा खांब येईल असा. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून ते डॉक्युमेंट म्हणून संबंधित कार्यालयाला पाठवले. वाडीतल्या लोकांना ती धार दाखवली आणि रोज सकाळी एकानं येऊन पाण्याचा रंग बघायचा, असं तिथंच ठरलं.